नकाराची बट

‘हमदम मेरे मान भी जाओ’ हे रफीचं गाणं लागलं की माणसं मुखडा सोबत म्हणतात आणि अंतऱ्याला नुसती मान डोलावतात. ‘मेरे सनम’ हा सिनेमा १९६५ चा, संगीत ओ. पी. नय्यरचं, ठेका असा की बसल्या जागी पाय ताल धरतो. मुखडा एका दमात पाठ होतो. टोचणारी गोष्ट त्यानंतर येते. अंतऱ्यात मजरूह सुलतानपुरी लिहितात, ‘प्यार मुहब्बत की हवा पहले चलती है, फिर इक लट इनकार की रुख़ पे मचलती है’. आधी प्रेमाचा वारा सुटतो आणि मग नकाराची एक बट चेहऱ्यावर भुरभुरायला लागते. लगेच पुढची विनंती अशी की ती बट जरा बाजूला सार, माझी इच्छा डोळे चोळत उठते आहे. प्रतिमा म्हणून ही ओळ देखणी आहे. वारा, केस, झोपेतून जाग येणं, सगळं एका हालचालीत गुंफलेलं आहे. रफी ती इतक्या हलक्या आवाजात गातो की त्यात जबरदस्तीचा लवलेशही कानाला लागत नाही. तरीही एकदा ऐकू आल्यावर ती ओळ पुन्हा नुसती देखणी राहत नाही.

कारण या ओळीत नकार हा शब्द उरतच नाही, तो केस होतो. केस डोळ्यांवर आले तर ते सारायचे असतात, त्यांचं म्हणणं ऐकायचं नसतं. शिवाय क्रम नीट बघा. वारा आधी, बट नंतर. म्हणजे नकार हा प्रेमाच्याच वाऱ्याने हललेला आहे, तो प्रेमाचा पुरावा आहे. आता याला मुखडा जोडून पाहा. तिथे म्हटलं आहे की तुझ्या लाल ओठांवर होकाराचा हलकासा रंग तर आहेच, ‘रंग तो है इक़रार का’. म्हणजे ती गप्प राहिली तर ओठांचा रंग हो म्हणतो. ती नाही म्हणाली तर ते नाही प्रेमाच्या झुळकीने आलेलं. दोन कडव्यांच्या आत दोन्ही दारं बंद झाली. या गाण्यातल्या तरुणीला खरोखरच नकार द्यायचा असेल तर तिने काय म्हणावं, काय करावं, याचं उत्तर गाण्यात कुठेही नाही.

जुनी प्रेमगीतं वाचताना मला हाच प्रश्न सगळ्यात उपयोगी वाटतो. नायक किती पुढे जातो, केसांची-डोळ्यांची स्तुती किती करतो, तिला फूल म्हणतो की चंद्र, हे मोजत बसलं तर यादी लांबत जाते आणि हाती फारसं काही लागत नाही. इच्छा व्यक्त करणं हा गुन्हा नाही, रूपावर भाळणंही नाही. पण समोरच्या व्यक्तीने काही उच्चारलं तर त्या उच्चाराला गाण्यात वजन आहे का, हे विचारलं की एकाच काळातली, एकाच संगीतकाराची, अगदी एकाच सिनेमातली गाणीही वेगवेगळी दिसायला लागतात.

मजरूहसाहेबांवर इथे अन्याय होऊ नये म्हणून थोडं मागे जायला हवं. ते मूळचे गझलकार. पुरोगामी लेखकांच्या चळवळीतले, आपल्या कवितेपायी तुरुंगात गेलेले. गझलेत प्रेयसीचा नकार ही शतकांची रीत आहे. ती निष्ठुर असते, तिचं दार बंद असतं, प्रियकर तिच्या गल्लीत उभा राहून झुरतो, आणि गझल संपली तरी दार बंदच असतं. तिथे नकाराची सत्ता पूर्ण तिच्या हातात असते, इतकी की ती स्त्री आहे, राजा आहे की परमेश्वर, हेही पुष्कळदा मोकळं सोडलेलं असतं. त्या जगात ‘मान भी जाओ’ म्हणणारा माणूस याचक असतो, आणि ती मानणार नाही हे त्यालाही ठाऊक असतं. सिनेमात ही सगळी शब्दकळा जशीच्या तशी येते, पण घर बदलतं. इथे समोर हाडामांसाची मुलगी आहे, तिला नाव आहे, बाप आहे, मैत्रिणी आहेत, आणि शेवटच्या रिळापर्यंत त्या दोघांचं जुळणं भाग आहे. गाण्याच्या हातात वेळ जेमतेम चार मिनिटं. जो नकार गझलेत कधीच न वितळणारा होता, तो इथे चार मिनिटांत वितळवायचा अडथळा होतो. शब्द तेच राहिले, पण बाजी उलटली. त्यामुळे ‘लट इनकार की’ वाचून कवीच्या मनात बायकांविषयी तुच्छता होती असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. दोष त्या कलमात आहे जिथे गझलेचा प्रियकर हिंदी सिनेमाच्या नायकावर बांधला गेला, आणि त्या कलमाची फळं त्या काळातल्या बहुतेक सगळ्याच गीतकारांनी दिली आहेत.

पण त्याच सिनेमात याच चालीवर दुसरं गाणं आहे. ते आशा भोसलेंचं आहे.

‘हमदम मेरे खेल न जानो चाहत के इक़रार को’. प्रेमाच्या कबुलीला खेळ समजू नकोस, एक दिवस माझ्या प्रेमाची आठवण काढशील. रफीच्या गाण्याच्या तुलनेत हे कमी वाजतं. दोन्ही शेजारी ठेवली की एक शब्द दोन्हीकडे चमकतो, इक़रार, म्हणजे कबुली. रफीच्या गाण्यात तिने कबुली दिलेलीच नाही, ती त्याने तिच्या ओठांच्या रंगावरून वाचून घेतली. आशाच्या गाण्यात ती स्वतःच्या तोंडाने कबुली देते आहे, आणि तीच कबुली खरी मानली जावी म्हणून तिला अजिजी करावी लागते आहे. तिने नाही म्हटलं तेव्हा ते नाही नव्हतं, आता ती हो म्हणते तर ते खेळ वाटतं. जुन्या प्रेमगीतांतला लपलेला समज म्हणून आपण एरवी जे सांगतो, की पुरुष धीट आणि स्त्री लाजाळू, ते वरच्या पापुद्र्याचं आहे. त्याच्याखाली ही गोष्ट आहे. तिच्या शब्दाला स्वतःचं वजन नाही. ते बाहेरून मिळावं लागतं, कधी ओठांच्या रंगावरून, कधी कथेतला गैरसमज दूर झाल्यावर.

गंमत अशी की हे दोन्ही मुखडे एकाच गीतकाराने, एकाच सिनेमासाठी लिहिले. रफीच्या गाण्यातल्या समजाला आशाच्या गाण्यातून ठोस उत्तर मिळतं. मजरूहनी ते उत्तर म्हणून लिहिलं की प्रसंगाला हवं म्हणून, हे ठरवण्याची गरज नाही. कागदावर ते उत्तर आहे. म्हणून एखादं गाणं तपासायला घेताना आधी शोधावं की त्याची जोडीदार आवृत्ती आहे का. त्या काळी एकच चाल दोन प्रसंगांना वापरण्याची पद्धत होती, एक आनंदी आणि एक उदास, एक पुरुषाच्या आवाजात आणि एक बाईच्या. आपल्या स्मरणात बहुधा एकच उरते, पुष्कळदा आनंदी असलेली. अर्ध्या जोडीवर निकाल दिला तर तो अर्धाच असतो.

याच सिनेमातली आणखी तीन गाणी घेतली की चित्र भरून येतं. ‘पुकारता चला हूँ मैं, गली गली बहार की’. ऐकताना हे भटक्याचं गाणं आहे. तो कुणा एकीच्या मागे नाही, नुसता हाक देत चालला आहे. मागणं काय, तर बटांची एक सावली आणि प्रेमाची एक नजर, आणि तेही ‘बस’ म्हणून, एवढंच पुरे अशा सुरात. अंतऱ्यात तो म्हणतो, ‘कोई तो मुड़ के देख लेगा इस तरफ़’. कुणीतरी वळून बघेल. या ओळीत न वळण्याची मोकळीक शिल्लक आहे, म्हणून ‘मान भी जाओ’च्या नायकापेक्षा हा नायक मला अधिक निर्मळ वाटतो. फक्त एक गोष्ट लक्षात घ्यावी. गल्लोगल्ली फिरायची मुभा त्याला आहे. रस्ता त्याचा आहे, आणि तो आहे हे कुणाला सांगावंही लागत नाही.

आता आशाचं ‘जाइये आप कहाँ जाएँगे’. इथे बाई बोलते आहे, आणि काय ठामपणे. जा, कुठे जाल? ही नजर परत येणारच. ‘दूर तक आप के पीछे पीछे मेरी आवाज़ चली जाएगी’. पाठलाग इथेही आहे. पुढे तर ती म्हणते की माझ्या प्रेमाची आठवण जिथे येईल तिथे एखादा काटा तुमच्या पदराला बिलगेल. अशा वेळी बरेच जण एक चाचणी करतात, की हीच ओळ नायकाच्या तोंडी घालून बघा, कशी वाटते. घालून पाहिली तर अंगावर काटा येतो. कुठे जाशील, दूरवर तुझ्या मागे मागे येईन, हे पुरुषाने म्हटलं तर ती धमकी होते. मग बाईने म्हटलं तर का चालतं? ही अदलाबदल सुरुवातीला कामाची असते, पण तिच्यावर सगळा भार टाकला तर ती फसवते, कारण ती धरून चालते की दोघांच्या पायाखालची जमीन सारखी आहे. इथे नेमकं कोण हलतं ते पाहा. ती जागेवरच आहे. मागे जातो तो तिचा आवाज, परत येते ती नजर, बिलगतो तो काटा. ती स्वतः उंबरठा ओलांडत नाही. तिच्या इच्छेला एवढा जोर मिळाला, पण पाय मिळाले नाहीत. म्हणून गाण्यातली क्रियापदं एका कागदावर काढावीत, एका बाजूला त्याची आणि दुसऱ्या बाजूला तिची. तो चालतो, हाक मारतो, थांबवतो, बट सारायला सांगतो. ती वाट पाहते, आठवते, तिचा आवाज जातो. स्तुती-निंदेपेक्षा ही दोन रकान्यांची यादी जास्त बोलते.

तिसरं गाणं ‘ये है रेशमी ज़ुल्फ़ों का अँधेरा न घबराइये’. पडद्यावर मुमताज आहे, आवाज पुन्हा आशाचाच. माझ्या केसांचा दरवळ जिथवर पोहोचतो तिथवर या, असं सरळ आमंत्रण. या सिनेमात बाईच्या तोंडचं सगळ्यात निःसंदिग्ध ‘हो’ हेच आहे, आणि ते नायिकेला दिलेलं नाही. ते तिच्या वाट्याला आलं आहे जिच्यावर प्रेक्षकांनी विश्वास ठेवायचा नाही. एकाच गळ्यातून दोघींची गाणी निघतात, एका सिनेमात, काही रिळांच्या अंतराने. आशाबाई स्वर किती बारकाईने बदलतात ते ऐकण्यासारखं आहे. नायिकेला जोर आहे पण ती ‘आप’ म्हणत अंतर राखते, दुसरी श्वासाला सुटं सोडते. साठीच्या दशकातली ही वाटणी सवयीची होती. घरंदाज मुलीची इच्छा सुचवायची, स्पष्ट बोलणारीची इच्छा दुसरीकडे ठेवायची. म्हणजे पुन्हा तेच. स्पष्ट शब्द बाईच्या तोंडी आला की त्याच्यावरचा भरवसा उडतो.

आपल्याकडे ही वाटणी लावणीने केली.

‘सांगत्ये ऐका’ (१९५९) मधली ‘बुगडी माझी सांडली गं’ गदिमांची, संगीत वसंत पवारांचं, गळा आशाबाईंचा. साताऱ्याला जाताना बुगडी सांडली, आणि चुगली माझ्या म्हाताऱ्याला सांगू नका. इथे बाई स्वतःची हकिकत स्वतः सांगते, काय सांगायचं आणि काय झाकायचं ते तीच ठरवते, आणि ऐकणाऱ्याला त्यात ओढून घेते. तिच्या शब्दाला भरपूर वजन आहे. पण ते फडावर आहे. त्याच वर्षांतल्या मराठी सिनेमातल्या घरातल्या मुलीला ही भाषा मिळत नाही. तिला मिळतं चांदणं, तुळस, सखी आणि अर्धवट तोडलेलं वाक्य. लावणी बहुतांशी पुरुषांनीच लिहिली, पुरुषांपुढेच नाचवली, म्हणून ती आवाजाची उसनवारी आहे असं म्हणणारे आहेत. ते खरं आहे. मात्र उसना असला तरी तो आवाज आशाबाईंच्या गळ्यातून घरोघरच्या रेडिओवर पोहोचला आणि ज्या बायकांना तो बोलायचा नव्हता त्यांनी तो गुणगुणला, हेही तितकंच खरं आहे. गाण्यावर मालकी फक्त लिहिणाऱ्याची नसते.

लिहिणारी बाई असली की प्रश्न सुटतो असंही नाही. जयवंत कुलकर्णींनी गायलेलं ‘ही चाल तुरुतुरु’ सिनेमातलं नाही, भावगीत आहे, पण इथे ते टाळता येत नाही, कारण ते शांता शेळके यांचं आहे आणि संगीत देवदत्त साबळे यांचं. तुरुतुरु चालणारी ती, भुरभुर उडणारे केस, डाव्या डोळ्यावर ढळलेली बट. चाली-चालीतून तिची लगबग इतकी हुबेहूब येते की शब्द न कळणाराही ती ओळखेल. आणि पुढे, ‘इथे कुणी आसपास ना, डोळ्याच्या कोनात हास ना’. म्हणणाऱ्याच्या कानाला ही ओळ गोड आहे. कुणी नाही, आता तरी हस. चालणारीच्या कानाने ऐकली तर अर्थ दुसरा होतो. आसपास कुणी नाही म्हणूनच तर ती तुरुतुरु चालली आहे. एकच वाक्य एकाला जवळीक वाटतं आणि दुसरीला सावध करतं, आणि ते एका स्त्रीने, मराठीतल्या फार मोठ्या कवयित्रीने लिहिलं आहे. शांताबाईंना ते कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी एका तरुणाचा आवाज लिहायला घेतला होता आणि तो त्यांनी इमानाने लिहिला. शिवाय त्या गाण्यातलं क्रियापद ‘बोल ना’ आहे, ‘मान जा’ नाही. तो उत्तर मागतो आहे, उत्तर आधीच वाचून बसलेला नाही. हा फरक छोटा नाही.

एक चूक फार वेळा होते, ती म्हणजे पडद्यावरच्या चित्रीकरणाचा दोष गीतकाराच्या पदरी घालणं. ‘कश्मीर की कली’ (१९६४) मधलं ‘ये चाँद सा रोशन चेहरा’ घ्या. एस. एच. बिहारींच्या शब्दांत मागणी नाही, आग्रह नाही, फक्त स्तुती आहे, आणि ती सुद्धा शेवटी घडवणाऱ्याकडे वळते, ‘तारीफ़ करूँ क्या उसकी जिसने तुम्हें बनाया’. नुसतं ऐकलं तर हे निर्धोक गाणं आहे. पडद्यावर दाल सरोवर आहे, नायिका शिकाऱ्यात आणि आजूबाजूला पाणी. शम्मी कपूर त्याच्या नावेवर अंग झोकून देत गातो. तो लोभस आहे, त्या देहात वेडेपणा आहे आणि स्वतःला हास्यास्पद करून घेण्याची तयारी आहे, म्हणून तो खुपत नाही. पण तिला उठून निघून जायचं असेल तर वाट नाही, हे शब्दांत नव्हतं, ते दिग्दर्शकाच्या जागेच्या निवडीत आलं. म्हणून असं गाणं तीनदा घ्यावं. आधी पूर्ण शब्द, सगळी कडवी, चालीशिवाय सपाट आवाजात वाचावे, कारण चाल लागली की ओळी निसटतात. मग डोळे मिटून नुसतं ऐकावं, गायकाने कोणत्या अक्षरावर लाड केला, कुठे आवाज खाली घेतला ते धरावं. शेवटी आवाज बंद करून चित्र बघावं, आणि नजर नायकावर न ठेवता तिच्यावर ठेवावी. ती कुठे उभी आहे, मागे झाड आहे की भिंत, वाट कोणत्या बाजूला आहे, तिचं हसू नायकाच्या कृतीआधी येतं की नंतर. तिन्ही वेळी वेगळी गोष्ट हाती लागते, आणि कोणता समज कुणी आणला हे वेगळं करता येतं. आपल्या मागच्या पिढीतल्या पुष्कळांनी ही गाणी आधी विविध भारतीवर ऐकली, सिनेमा कधी पाहिलाच नाही किंवा कितीतरी वर्षांनी पाहिला. त्यांच्या मनातलं गाणं दुसऱ्या टप्प्यातलं आहे. त्यांच्या प्रेमाला तिसऱ्या टप्प्यातल्या चित्राचा जाब विचारणं रास्त नाही.

मात्र काळच तसा होता, हे उत्तर मला पटत नाही. काळ एकजिनसी नव्हता, आणि त्याची साक्ष त्या काळातली गाणीच देतात. ‘मेरे सनम’च्या सहा वर्षं आधीचा ‘धूल का फूल’ (१९५९) घ्या. साहिरचे शब्द, एन. दत्तांचं संगीत (हे आपले गोव्याचे दत्ता नाईक), आणि महेंद्र कपूर व लता यांचं द्वंद्वगीत, ‘तेरे प्यार का आसरा चाहता हूँ’. तो म्हणतो, मी निष्ठा ठेवतो आहे, निष्ठा मागतो आहे. ती लगेच उलटून म्हणते, ‘हसीनों से अहद-ए-वफ़ा चाहते हो, बड़े नासमझ हो ये क्या चाहते हो’. सुंदरींकडून निष्ठेचं वचन मागता, फारच अजाण आहात. नुसता नखरा असता तर इथेच तो बट बाजूला सारायला पुढे झाला असता. पण साहिर तिला कडवं देतो, आणि त्या कडव्यात कारणं आहेत. सगळे दावे खोटे, सगळ्या शपथा खोट्या, इथलं आयुष्य रूढींच्या हातात आहे, आणि तुम्ही रूढी मोडायला निघालात. तिचा संशय लाजेतून आलेला नाही, व्यवहार बघून आलेला आहे. तिला जग कळतं. उत्तरात तो म्हणतो, ‘तेरी आँख के फ़ैसले पे नज़र है’. माझं लक्ष तुझ्या डोळ्यांच्या निर्णयाकडे आहे. शरीराकडे पाहणं इथेही आहे, तोच डोळा, तोच चेहरा. फरक एवढाच की मजरूहच्या नायकाने ओठांचा रंग वाचून निर्णय स्वतः दिला, साहिरचा नायक निर्णय तिचा आहे हे उच्चारतो आणि थांबतो. चाल संथ आहे, दोघांना सारखी कडवी आहेत, आणि लताचा आवाज त्या ‘नासमझ’वर किंचित हसतो, त्यात वरचढपणा आहे, भीती नाही.

म्हणजे अशी गाणी लिहिता येत होती, चालत होती, लोकप्रिय होत होती. ‘मान भी जाओ’ हा त्या काळाचा एकमेव पर्याय नव्हता, तो निवडलेला पर्याय होता. हे म्हटल्यावर साहिरला चांगला विद्यार्थी आणि मजरूहना नापास ठरवण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण पुढे कथा काय करते ते पाहावं लागतं. इतक्या सभ्यतेने निर्णय तिच्यावर सोडणारा महेश, म्हणजे राजेंद्र कुमार, पुढे मीनाला गर्भार अवस्थेत सोडून घरच्यांच्या पसंतीने दुसरीकडे लग्न करतो. मीनाला, माला सिन्हाला, तान्हं मूल रानात ठेवावं लागतं. तिने द्वंद्वगीतात जे जे म्हटलं होतं, शपथा खोट्या, जगणं रूढींच्या हाती, ते शब्दशः खरं निघतं. उलट ‘मेरे सनम’चा आग्रही नायक शेवटी तिचा होतो, सुखाने. गाण्यातली अदब माणसाच्या इमानाची हमी देत नाही, आणि गाण्यातला हट्ट माणूस वाईट असल्याचा पुरावा ठरत नाही. त्यामुळे गाण्यावरून पात्राचा निवाडा करण्यापेक्षा, सिनेमाने तिच्या शब्दाचं पुढे काय केलं ते बघणं मला जास्त बरोबर वाटतं. ‘धूल का फूल’ तिच्या शब्दाला मानतो. तो तिला त्याची जबर किंमत मोजायला लावतो, तिच्यावर कलंक येतो, त्याच्यावर फार उशिरा, आणि हा अन्याय सिनेमा स्वतः ओळखतो. पण तिला चुकीची ठरवत नाही. पुढे सगळा सिनेमा तिच्या एका कडव्याचा जाबजबाब म्हणून उलगडतो, आणि ते द्वंद्वगीत दुसऱ्यांदा ऐकताना ‘ग़लत सारी क़समें’ ही ओळ ऐकणाऱ्याला महेशच्या आधी गाठते.